ऑडिट कमिटीचे मिनिट्स परत का येतात?

शेअर बाजारात नोंदलेली कंपनी असेल, किंवा नोंदणी नसलेल्या पब्लिक कंपनीचं भागभांडवल १० कोटी वा उलाढाल १०० कोटींपर्यंत पोहोचली असेल, किंवा तिची कर्जं-ठेवी ५० कोटींच्या वर असतील, तर कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार साधारणपणे ऑडिट कमिटी लागते. नोटीस, अजेंडा, हजेरी, कोरम यात सहसा कोणी अडकत नाही. मिनिट्स, म्हणजे बैठकीचं इतिवृत्त, अडतात ते लेखापरीक्षकाच्या आक्षेपावर व्यवस्थापनाने द्यायच्या लेखी खुलाशावर, कारण तोच कागद कुणाकडे नसतो.

समजा, अंतर्गत लेखापरीक्षकाने पुरवठादारांच्या बँक खात्यांतले २५ बदल तपासले. त्यातल्या ७ बदलांत पुरवठादाराला फोन करून खात्री केल्याची नोंद नाही. मिनिट्समध्ये उतरतं: ‘व्यवस्थापनाने नोंद घेतली, कार्यवाही सुरू आहे.’ हे वाक्य मी इतक्यांदा खोडलंय की आता ते दिसलं की चीड येते. कोण करणार? कधीपर्यंत? बैठकीआधी संबंधित विभागप्रमुखाकडून सहीनिशी खुलासा घ्या, मग नोंद अशी होते:

‘एकाच लॉगिनवरून बदल आणि मंजुरी दोन्ही होत असल्याचे कारण व्यवस्थापनाने मान्य केले. अकाउंट्स प्रमुख ३१ ऑगस्टपर्यंत मंजुरीचे लॉगिन वेगळे करतील. तोवर रद्द केलेला चेक आणि जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन झाल्याशिवाय बदल होणार नाही. मागील वर्षातील सर्व बदल १५ सप्टेंबरपर्यंत पडताळले जातील.’

जुना क्रमांक मुद्दाम लिहायचा. बदलाच्या पत्रावरचाच नंबर फिरवला तर फसवणारा माणूसच फोन उचलतो.

‘पूर्ण’ हा शेरा विभागाने कळवलं म्हणून देऊ नका. लेखापरीक्षकाने नवे बदल तपासून ‘ठीक’ म्हटल्यावरच द्या. मुदत वाढली तर जुनी तारीख पुसू नका. तिच्या शेजारी नवी तारीख आणि कारण येऊ द्या. तिसऱ्यांदा वाढ मागितली जाते तेव्हा कमिटीला ते कळायला हवं.

दुसरी चूक दिवसांची. संचालक मंडळाच्या आणि त्याच्या कमिट्यांच्या बैठकींसाठीच्या सेक्रेटरियल स्टँडर्ड एसएस-१ प्रमाणे मिनिट्सचा मसुदा १५ दिवसांत सदस्यांकडे जातो, त्यांना अभिप्रायाला ७ दिवस मिळतात आणि ३० दिवसांत मिनिट्स बुकात नोंद होते. हे ३० दिवस अभिप्राय आल्यापासून मोजणारे बरेच भेटतात. बैठक संपल्यापासून मोजायचे. बैठक १० ऑगस्टला झाली तर मसुदा २५ ऑगस्टपर्यंत जायला हवा. तो शेवटच्या दिवशी गेला तर अभिप्राय १ सप्टेंबरपर्यंत येतील, आणि नोंद मात्र ९ सप्टेंबरच्या आत. सही पुढच्या बैठकीत झाली तरी चालते, नोंद थांबत नाही.

बुकात चढलेला मजकूर नंतर गुपचूप दुरुस्त करू नका, अगदी तारखेची चूक असली तरी. ती पुढच्या बैठकीत मंजुरी घेऊनच बदलते. कलम ११८ खाली मिनिट्समधल्या फेरफाराला दोन वर्षांपर्यंत कैद आहे, आणि साहेबांनी सांगितलं म्हणून पान बदलणारी नवखी मुलं यात अडकतात.