लांब संभाषण कागदावर: स्क्रीनशॉट कसे काढावेत, कसे जोडावेत, पानं कुठे कापावीत

मोबाइलवरचं लांबलचक संभाषण छापून हवं असेल तर ते बहुतेक वेळा पाच-सहा सुट्या स्क्रीनशॉटमध्ये असतं. ते नीट जोडले, तर वाचणारा एका दमात सगळं वाचतो. घाईत जोडले, तर एखादा मेसेज गायब होतो किंवा दोनदा येतो, आणि तो कागद कुणाला दाखवायचा असेल तर तेवढ्यावरून शंका निघते. म्हणून असे स्क्रीनशॉट जोडून छापून देताना आम्ही काम कसं करतो ते इथे सांगत आहोत. निम्मं काम तुम्ही स्क्रीनशॉट काढतानाच होतं.

वरून सुरुवात करा. प्रत्येक वेळी थोडंच सरकवा: आधीच्या चित्रात सर्वांत खाली दिसणारे एक-दोन पूर्ण मेसेज पुढच्या चित्रात वरच्या बाजूला पुन्हा दिसले पाहिजेत. हा दोन्हीकडे दिसणारा भाग हाच जोडणीचा आधार असतो. तो नसेल, तर मधलं काही सुटलं का हे आम्हालाही सांगता येत नाही. सरकवल्यावर क्षणभर थांबा. तारखेची छोटी पट्टी मजकुरावर तरंगत असते, ती जाऊ द्या. फोटो पूर्ण उघडू द्या, कारण फोटो उशिरा उघडला की त्याखालचे मेसेज सरकतात आणि दोन चित्रं जुळत नाहीत.

आता जोडणी. समजा, स्क्रीन 1080 पिक्सेल रुंद आणि 2400 उंच आहे. वरच्या 240 पिक्सेलमध्ये घड्याळ, बॅटरी आणि समोरच्याचं नाव, तर खालच्या 200 मध्ये मेसेज लिहायची जागा. या दोन पट्ट्या प्रत्येक चित्रात तशाच राहतात. खरा मजकूर फक्त मधल्या 1960 पिक्सेलमध्ये सरकतो. पट्ट्या न काढता चित्रं एकाखाली एक लावली, तर दर थोड्या अंतराने तेच नाव आणि तेच घड्याळ येत राहतं. आम्ही वरची पट्टी फक्त पहिल्या चित्रात ठेवतो, म्हणजे संभाषण कुणाशी झालं ते कळतं.

दुसऱ्या चित्रातल्या मजकुराचे वरचे 460 पिक्सेल पहिल्यात आधीच आले असतील, तर नवीन मजकूर 240 अधिक 460 म्हणजे 700 पासून सुरू होतो आणि 2200 ला संपतो. घरी संगणकावर चित्रं कापायचा-जोडायचा इमेजमॅजिक हा प्रोग्राम असेल तर हे असं होतं:

```
magick 1.png -crop 1080x2200+0+0 +repage a.png
magick 2.png -crop 1080x1500+0+700 +repage b.png
magick a.png b.png -append lamb.png
```

460 हा आकडा उदाहरणापुरता. बोटाने सरकवलेलं अंतर दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे प्रत्येक जोड वेगळा मोजावा लागतो. मोजताना आम्ही अक्षरांवर नजर ठेवतो, मागच्या नक्षीवर नाही. मेसेज सरकतात तेव्हा बऱ्याचदा मागची नक्षी जागच्या जागी असते, त्यामुळे जोडावर नक्षी तुटलेली दिसली तरी मजकूर बरोबर असू शकतो. उलट ‘हो’, ‘ठीक आहे’ असे सारखे मेसेज लागोपाठ असतील तर जोड चुकीच्या ‘हो’वर बसतो. म्हणून जुळवणीसाठी लांब, वेगळा मेसेज निवडायचा आणि शेवटी वेळा वरपासून खालपर्यंत क्रमाने वाचून पाहायच्या.

अशी सहा चित्रं, प्रत्येक जोड वरच्यासारखाच धरला, तर 9700 पिक्सेल उंचीचं एक चित्र तयार होतं. ते जसंच्या तसं एका ए-फोर पानावर बसवलं तर जेमतेम 3 सेंटिमीटर रुंदीची पट्टी छापली जाते. ती कुणालाच वाचता येणार नाही. चारही बाजूंना 15 मिलिमीटर समास सोडला, तर पूर्ण रुंदीत छापताना एका पानावर साधारण 1600 पिक्सेल उंची मावते. या हिशेबाने सहा पानं भरून सातव्यावर जेमतेम एक ओळ उरते. ते वाईट दिसतं. त्यापेक्षा सातही पानं साधारण 1390 पिक्सेलची ठेवावीत आणि प्रत्येक काप दोन मेसेजच्या मधल्या मोकळ्या जागेत, थोडा वर किंवा खाली, घ्यावा. एखादा मेसेजच पानाहून लांब असेल तर दोन ओळींच्या मध्ये कापून शेवटची ओळ पुढच्या पानावर पुन्हा घेतो आणि तिथे ‘पुढे चालू’ असं समासात लिहितो. चित्रावर काहीही लिहीत नाही.

स्क्रीनशॉट आम्हाला पाठवताना फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवलं की मेसेजिंग ॲप त्याचा आकार कमी करतं, अक्षरांच्या कडा पुसट होतात आणि वरची मापंही बदलतात. जोडलेलं चित्र मिळालं तरी मूळ स्क्रीनशॉट फोनमधून काढू नका. एखाद्या जोडाबद्दल कुणी विचारलं तर तीच दोन मूळ चित्रं शेजारी ठेवून दाखवता येतात.