हायब्रिड गाडीत इंजिन चाकाला नक्की जोडलंय कसं?

हायब्रिड घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो, गाडी ब्रेक दाबून डी मध्ये उभी आहे आणि मधेच इंजिन चालू होतं, मग ते चाकाला ओढत का नाही, क्लच घसरतोय का? उत्तर गाडी कुठल्या प्रकारची आहे त्यावर: सिरीज, पॅरलल की पॉवर-स्प्लिट.

सिरीजमध्ये प्रश्नच मिटला, कारण इंजिन आणि चाकात शाफ्टच नाही. इंजिन फक्त जनरेटर फिरवतं, चाकं मोटरच फिरवते. शहरात मस्त. हायवेला मात्र इंजिनची सगळी ताकद आधी वीज आणि मग परत फिरकी असा फेरा मारते, आणि समजा दोन्ही वेळा दहा-दहा टक्के गेले तर शंभरातले एक्क्याऐंशीच चाकापर्यंत पोचतात.

पॅरललमध्ये इंजिन आणि मोटर दोघंही गिअरबॉक्समधून तीच चाकं ढकलतात. इथे मात्र गाडी थांबली की क्लचने इंजिन चाकांपासून वेगळं करावंच लागतं, नाहीतर इंजिन बंद पडेल.

खरी गंमत पॉवर-स्प्लिटची, म्हणजे टोयोटा प्रियसवाली. यात क्लच नाही, गिअर बदलणं नाही, एक प्लॅनेटरी गिअरसेट आहे बस. मधल्या सन गिअरला छोटी मोटर-जनरेटर (एमजी१), बाहेरच्या रिंगला मोठी मोटर-जनरेटर (एमजी२) आणि चाकं, आणि दोघांमधले छोटे गिअर ज्या कॅरिअरवर बसतात त्याला इंजिन. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये सनला 30 दाते आणि रिंगला 78, त्यामुळे तिघांच्या आरपीएमचा हिशोब असा:

```
30 × सन + 78 × रिंग = 108 × इंजिन
```

गाडी उभी, म्हणजे रिंग शून्य. इंजिन 1000 आरपीएमवर असेल तर सन 3600 वर फिरतो. झालं, इंजिन चालतंय, चाक हलत नाहीये, आणि एमजी१ फिरता फिरता बॅटरी चार्ज करतेय. काहीही घसरत नाही.

याच हिशोबाची दुसरी बाजू पण बघा. इंजिन बंद ठेवून गाडी पळवली तर सन रिंगच्या 2.6 पट, तेही उलटा फिरतो, आणि एमजी१ ला वेगाची मर्यादा असते. म्हणून त्या प्रियसमध्ये ताशी साधारण 67 किमीच्या वर पेट्रोल लागो न लागो, इंजिन फिरवावंच लागतं. तो बिघाड नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. ट्रॅफिकमध्ये बराच वेळ एन मध्ये टाकून बसू नका, तिथे एमजी१ मोकळी सोडलेली असते, इंजिन चालू असलं तरी बॅटरी चार्ज होत नाही आणि एसी मात्र ती खात राहतो. पी किंवा डी मध्ये ठेवा. आणि गाडी बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून टो करू देऊ नका, एमजी२ चाकांना कायमची जोडलेली आहे, ती फिरून वीज तयार करत राहते, टोवाल्याला पुढची चाकं उचलायलाच सांगा, नाहीतर सरळ फ्लॅटबेड मागवा.