दुप्पट आकडा, चौपट वर्तुळ

२५ जानेवारी २०११ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बराक ओबामा यांनी तिथल्या संसदेसमोर वार्षिक भाषण केलं. व्हाइट हाउसनं ते इंटरनेटवर दाखवताना शेजारी आलेखही दाखवले. त्यातल्या एकात मोठ्या अर्थव्यवस्थांची वर्तुळं होती. अमेरिकेचं उत्पादन सुमारे १४.६ लाख कोटी डॉलर, चीनचं ५.७, जर्मनीचं ३.३. आकडे ठीक होते, पण अमेरिकेच्या वर्तुळापुढे बाकीची वर्तुळं गोट्यांसारखी दिसत होती. वर्तुळांची त्रिज्या आकड्याच्या प्रमाणात काढली होती, आणि इथेच घोळ झाला.

वर्तुळाचं क्षेत्रफळ πr² हे सूत्र आपण शाळेत पाठ केलेलं असतं. त्यातला तो छोटासा २ इथे सगळा खेळ करतो. १४.६ भागिले ५.७ म्हणजे साधारण २.५६, म्हणून अमेरिकेचा आकडा चीनच्या अडीचपटीहून थोडा जास्त. त्रिज्याही तेवढ्याच पटीनं वाढवली, तर रंगलेली जागा २.५६ च्या वर्गाइतकी, म्हणजे सुमारे साडेसहापट होते. जर्मनीशी तुलना केली तर खरा फरक ४.४ पट आहे, चित्रात तो जवळजवळ वीसपट होतो. फरक जितका मोठा, तितकी अतिशयोक्तीही मोठी.

असं का होतं, हे सूत्रापेक्षा चित्रातून जास्त छान कळतं. कागदावर एक सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. त्याच केंद्रावर दोन, मग तीन, मग चार सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा. मधलं वर्तुळ एक भाग धरलं, तर त्याच्या बाहेरच्या पहिल्या कड्यात तीन भाग मावतात, त्यापुढच्या कड्यात पाच आणि त्यापुढच्यात सात. सगळ्या कड्यांची रुंदी एकच सेंटिमीटर आहे, पण प्रत्येक कडं आधीच्यापेक्षा मोठ्या घेराभोवती फिरतं, म्हणून त्यात जास्त जागा मावते. १, ३, ५, ७ या विषम संख्यांची बेरीज करत गेलं की १, ४, ९, १६ असे वर्ग मिळतात. मला हे फार सुंदर वाटतं.

आता हाच कागद आलेख म्हणून वाचा. आकडा १ वरून २ झाला तेव्हा शाई तीन भागांनी वाढली, ३ वरून ४ झाला तेव्हा सात भागांनी. दोन्ही वेळा खरी वाढ एकाचीच होती. म्हणजे आधीच मोठा असलेल्या आकड्याची पुढची वाढ चित्रात जास्त भारी दिसते. वाचक वर्तुळाची त्रिज्या मोजत नाही. भरीव गोल समोर आला की त्याच्या नजरेत ती सगळी रंगलेली जागाच भरते.

उपाय एकाच गणिती क्रियेचा आहे. त्रिज्या आकड्याच्या नव्हे, त्याच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घ्यायची. आकडे १, २, ३, ४ असतील तर त्रिज्या १, १.४१, १.७३ आणि २ ठेवायच्या. मग प्रत्येक टप्प्यावर शाई सारखीच वाढते. अमेरिकेचं वर्तुळ १० सेंटिमीटर व्यासाचं काढलं, तर चीनचं सुमारे ६.२ आणि जर्मनीचं सुमारे ४.८ सेंटिमीटर हवं. चुकीच्या पद्धतीनं ते अनुक्रमे ३.९ आणि २.३ सेंटिमीटर होतात. विल्यम प्लेफेअर यांनी १८०१ सालीच देशांचा भूविस्तार वर्तुळांच्या क्षेत्रफळानं दाखवला होता, म्हणजे ही काही आजची युक्ती नाही.

मग चूक होते कशी? बहुतेकदा सॉफ्टवेअर आपल्याला नुसता ‘आकार’ विचारतं आणि आपण आकडा देऊन मोकळे होतो. त्या आकाराचा अर्थ प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो. एक्सेलमध्ये `Area of bubbles` आणि `Width of bubbles` असे दोन पर्याय असतात, त्यातला पहिला निवडायचा. प्लॉटलीमध्ये `sizemode` आपण बदललं नाही तर ते `diameter` असतं, म्हणजे तिथे ते `area` करावं लागतं. मॅटप्लॉटलिबच्या `scatter` मधला `s` मात्र मुळातच क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. तिथे सावधपणे आधीच वर्गमूळ काढून दिलं, तर उलटी चूक होते आणि चौपट आकडा दुप्पटच दिसतो. व्यास स्वतः ठरवत असाल तर एवढं पुरतं:

```python
d = 60 * (v / vmax) ** 0.5
```

यात `v` हा त्या वर्तुळाचा आकडा, `d` त्याचा व्यास, `vmax` हा सर्वांत मोठा आकडा आणि ६० हा त्याच्या वर्तुळाचा व्यास.

वर्गमूळ घेऊनही एक फट राहते. सर्वांत लहान वर्तुळ दिसेनासं होऊ नये म्हणून लोक ‘किमान व्यास ८, कमाल ६०’ अशी पट्टी लावतात. मग सर्वांत लहान आकड्याला ८ चा व्यास मिळतो, तो आकडा शून्य असला तरीही. ज्या गोष्टीचं मोजमाप शून्य आहे तिलाही चित्रात जागा मिळाली, की क्षेत्रफळाचं प्रमाण मोडलंच. वर्तुळाचा आकार शून्यापासूनच सुरू व्हायला हवा. लहान ठिपके दिसत नसतील तर तिथे आकडा लिहावा.

काही जण याच्याही पुढे जाऊन वर्तुळांना छटा देतात आणि चेंडूसारखे चमकते गोल काढतात. हे मला अजिबात मान्य नाही. चेंडू म्हटला की घनफळ आलं, आणि घनफळ त्रिज्येच्या घनानं वाढतं. वाचकानं जागा बघायची की घनफळ, हेच मग ठरत नाही. ‘आकडे बोलतात, चित्र खोटं बोलत नाही’ असं ऐकवणाऱ्यांनी असं एखादं चित्र तपासून पाहावं.

क्षेत्रफळ बरोबर असलं तरी आपला डोळा मोजमापात कच्चाच आहे. मोठ्या वर्तुळाची जागा आपल्याला खऱ्यापेक्षा कमी वाटते. मानसशास्त्रातल्या प्रयोगांत भासणारी जागा खऱ्या क्षेत्रफळाच्या साधारण ०.७ व्या घाताइतकी येते, म्हणजे दहापट क्षेत्रफळ सुमारे पाचपट भासतं. नकाशाशास्त्रज्ञ जेम्स फ्लॅनरी यांनी यावर तोड म्हणून त्रिज्येसाठी वर्गमूळाच्या ०.५ ऐवजी ०.५७ हा घातांक सुचवला. मोठी वर्तुळं त्यामुळे जराशी फुगतात. मी मात्र ही दुरुस्ती वापरत नाही. प्रत्येकाचा डोळा वेगळा चुकतो, आणि जागा खरी ठेवली तर निदान पट्टीनं तपासता येते. त्यापेक्षा कोपऱ्यात दोन-तीन नमुना वर्तुळं काढून त्यांचे आकडे लिहिलेले बरे.

ही तपासणी कुणालाही जमते. आलेखातली आकडे लिहिलेली दोन वर्तुळं निवडा आणि दोन्हींचे व्यास मोजा. मोठा व्यास लहान व्यासानं भागा. आलेला भागाकार आकड्यांच्या गुणोत्तराच्या वर्गमूळाइतका असेल तर चित्र बरोबर, थेट गुणोत्तराइतकाच असेल तर त्रिज्येची चूक. अमेरिका आणि चीनच्या वर्तुळांसाठी तो १.६ यायला हवा. त्रिज्या आकड्याच्या प्रमाणात असेल तर पट्टी २.५६ दाखवते.