हिशेबातली चूक कळवल्यावर आम्ही आधी काय करतो

“हिशेबात फरक येतोय,” असा आपला फोन आला की आम्ही बिलिंगच्या प्रोग्रामला लगेच हात लावत नाही. आधी तीच चूक आमच्याकडे पुन्हा घडवणारी एक छोटी चाचणी, म्हणजे युनिट टेस्ट, लिहितो. ती नापास झाली की मगच दुरुस्ती सुरू होते.

समजा, सियागंजातल्या आपल्या दुकानातून १०७ रुपयांचा, ५ टक्के जीएसटीचा माल इंदूरच्याच गिऱ्हाइकाला गेला. सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी अडीच टक्के, म्हणजे २.६७५ रुपये. अर्धा पैसा वर धरायचा या रीतीने मुनीमजींनी २.६८ लिहिले, प्रोग्रामने मात्र २.६७ छापले. राउंड ऑफ झाल्यावर बिल दोन्हीकडे ११२ रुपयांचंच होतं, त्यामुळे काउंटरवर काही कळत नाही. महिनाअखेरीस कराचं खातं जुळवताना पैसे कमी पडतात. हाच माल नागपूरला गेला असता तर आयजीएसटी नेमका ५.३५ आला असता आणि फरक पडलाच नसता. म्हणूनच फरक कोणत्या बिलांत आहे, हे आम्ही खोदून विचारतो.

त्या एका बिलावरून चाचणी अशी होते:

```python
def test_cgst_107():
    assert cgst("107.00", "2.5") == "2.68"
```

ती चालवल्यावर `'2.67' == '2.68'` हीच तक्रार पडद्यावर यायला हवी. फंक्शनचं नाव चुकलं तरीही चाचणी नापास होते, पण त्यावरून आपल्या बिलाबद्दल काहीच कळत नाही. आणि ती पहिल्याच फटक्यात पास झाली, तर दोष दुसरीकडे आहे. आम्ही चुकीच्या जागी दुरुस्ती करणार होतो.

इथे कारण असं, की संगणकाच्या `float` प्रकारात २.६७५ नेमका मावत नाही. तो २.६७४९९… असा किंचित कमी साठतो आणि खाली उतरतो. उपाय म्हणजे दशांश आकडा जसाच्या तसा साठवणारा `Decimal` हा प्रकार वापरणं. पण तेवढ्यावर थांबलं तर फसगत होते: पायथनचा `Decimal` मुळात अर्धा पैसा सम अंकाकडे नेतो. २.६७५ चे २.६८ होतात, चाचणी पास होते, पण १०६.६० रुपयांवरचा २.६६५ कर २.६७ ऐवजी २.६६ येतो. म्हणून या रकमेचीही चाचणी आम्ही लिहितो, आणि `ROUND_HALF_UP`, म्हणजे अर्धा पैसा वरच धर, असं स्पष्ट सांगितल्यावरच दोन्ही पास होतात. पुढच्या प्रत्येक बदलाआधी या दोन्ही चाचण्या आधीच्या चाचण्यांसोबत चालतात.

यासाठी महिन्याची बेरीज पुरत नाही. फरक असलेलं एक बिल, त्यातली करपात्र रक्कम, दर, गिऱ्हाइकाचं राज्य आणि आपल्या मते बरोबर आकडा, एवढं पाठवा. आधीच निघालेली बिलं या दुरुस्तीने आपोआप बदलत नाहीत. त्यांचं काय करायचं, ते आपल्या सीएंना विचारून आम्हाला सांगा.