एमएसई ४००, पण चित्रं दोन: एसएसआयएममागची गोष्ट

दोन चित्रांमधला फरक मोजायला वर्षानुवर्षं एमएसई वापरला जात असे. पिक्सेलमागून पिक्सेल वजाबाकी करायची, वर्ग करायचा, सरासरी काढायची. गणिताला सोपा, पण त्याला फक्त चूक किती हे कळतं, ती कशा प्रकारची हे नाही.

चित्राचा चार पिक्सेलांचा तुकडा, म्हणजे मूळ पॅच, १००, १२०, १४०, १६० असा घेऊ. पहिल्या प्रतीत प्रत्येक पिक्सेल २० ने उजळ आहे: १२०, १४०, १६०, १८०. दुसरीत पहिले दोन २० ने वाढलेत, उरलेले दोन तितकेच घटलेत: १२०, १४०, १२०, १४०. दोन्हींचा एमएसई ४००. डोळ्याला मात्र पहिली नुसती उजळ दिसते, दुसरीत चढती छटाच मोडलेली.

झोऊ वांग आणि ॲलन बोविक यांनी २००२ मध्ये मांडलेल्या निर्देशांकाने उजळपणा, कॉन्ट्रास्ट आणि रचना यांची तुलना वेगळी केली. त्यात एक खोट होती: सपाट किंवा काळ्याकुट्ट भागात छेद शून्याजवळ जाई आणि आकडे बेभान होत. २००४ मध्ये आलेल्या त्याच्या सुधारित रूपात, म्हणजे एसएसआयएममध्ये, हमीद शेख आणि ईरो सिमोन्चेली यांच्यासह, त्यावर दोन स्थिरांकांचा उतारा आला:

```
l = (2*mx*my + C1) / (mx^2 + my^2 + C1)
c = (2*sx*sy + C2) / (sx^2 + sy^2 + C2)
C1 = (0.01*255)^2 = 6.5025
C2 = (0.03*255)^2 = 58.5225
```

इथे `l` उजळपणाची तुलना, `c` कॉन्ट्रास्टची; `m` म्हणजे सरासरी, `s` म्हणजे प्रमाण विचलन, `x` मूळ पॅच, `y` प्रत, आणि २५५ हे पिक्सेलचं कमाल मूल्य. मूळ पॅचची सरासरी १३०, विचरण, म्हणजे प्रमाण विचलनाचा वर्ग, ५०० (चारने भागून).

पहिल्या प्रतीची सरासरी १५०, विचरण तेच. म्हणून l = ३९००६.५ / ३९४०६.५ = ०.९९० आणि c = १. दुसरीची सरासरी १३०च, त्यामुळे l = १; पण विचरण १०० वर घसरलं, म्हणून c = ५०५.७ / ६५८.५ = ०.७६८. रचनेचं तिसरं पद धरून तिन्हींचा गुणाकार केला तर पहिलीचा एसएसआयएम ०.९९० राहतो, दुसरीचा ०.३९३ वर येतो.

l गुणोत्तरावर चालतो, हे त्यातलं मर्म. हीच २० ची वाढ सरासरी १० असलेल्या काळोख्या पॅचवर झाली तर l = ६०६.५ / १००६.५ = ०.६०३. एमएसई तिथेही ४००च.

आकडे जुळेनात तर आधी विचरणाचा भाजक बघा: चारऐवजी तीनने भागलं की वरचा c ०.७६३ होतो. दुसरी चूक जास्त फसवी आहे. पिक्सेल ० ते १ मध्ये आणले, पण स्थिरांक २५५ चेच ठेवले, तर C1 आणि C2 सगळं झाकोळतात आणि बहुतेक कुठलीही दोन चित्रं जवळपास १ गुण मिळवतात. उघड बिघडलेल्या प्रतीला ०.९९९ मिळाला, तर समजावं की कमाल मूल्य चुकलंय.