शुगर आहे? मग थेंब घालावेच लागतील

"डॉक्टर, फक्त नंबर बघा. थेंब नकोत, गाडी चालवत परत जायचंय." हे आम्ही रोज दोन-तीनदा ऐकतो. सांगणाऱ्याला शुगर असते, गाडी बाहेर लावलेली असते आणि सोबत कोणी नसतं. मग नंबर काढून परत पाठवावं लागतं आणि बाहुली मोठी करणारे थेंब घातल्याशिवाय नीट न होणारी पडद्याची तपासणी पुढच्या खेपेवर जाते. ती खेप बरेचदा येतच नाही. म्हणून हे लिहून ठेवलं आहे.

तक्त्यावरची अक्षरं वाचताना डोळ्याच्या पडद्याचा मधला, टाचणीच्या डोक्याएवढा भाग वापरला जातो. साखरेचं नुकसान बरेचदा त्या भागाबाहेर सुरू होतं. त्यामुळे शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्याचा पडदा आतून खराब झालेला असू शकतो.

आत होतं काय? पडद्यावरच्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशी असतात. वर्षानुवर्षं साखर वाढलेली राहिली की त्या मरतात आणि वाहिनीची भिंत सैल पडते. जुन्या सायकलच्या ट्यूबला फुगा यावा तसे तिला बारीक फुगे येतात, त्यातून पाणी आणि चरबी झिरपते. हे झिरपणं पडद्याच्या मध्यावर आलं तर अक्षरं धूसर किंवा वाकडी दिसतात. बाजूला असेल तर काहीच कळत नाही.

पुढे काही वाहिन्या बंदच पडतात. रक्त न मिळणारा पडद्याचा भाग नव्या वाहिन्या उगवायला लावणारं रसायन सोडतो. या नव्या वाहिन्या नाजूक असतात. त्यातली एक फुटली की डोळ्यातल्या जेलीत रक्त उतरतं आणि काल पेपर वाचणाऱ्या माणसाला आज समोर काळी जाळी दिसते. तोवर दुखत नाही, कारण पडद्याला वेदना कळतच नाही. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा झाकून घेतो.

गेल्या वर्षी एक किराणा दुकानदार आले होते. वय ५४, शुगर ११ वर्षं, दोन्ही डोळ्यांची नजर ६/६. चष्म्याची काडी तुटली म्हणून आलेले. मेहुणा सोबत होता म्हणूनच थेंबांना तयार झाले. उजव्या डोळ्यात, जिथून नस बाहेर जाते तिथेच, नव्या वाहिन्यांचा गुंता निघाला. फोटो दाखवला तर म्हणाले, "हा माझाच डोळा ना?" लेझर आमच्याकडे नाही, त्यांना शहरात पाठवलं. तीन बैठका झाल्या. रक्त न मिळणाऱ्या भागावर लेझरचे डाग दिले की ते रसायन कमी होतं आणि नव्या वाहिन्या आकसतात. ते आजही शेवटची ओळ वाचतात. रात्री गाडी चालवताना पूर्वीपेक्षा कमी दिसतं, ही तक्रार आहे. लेझरने तेवढं जातं, ते आम्ही आधीच सांगतो.

"शिबिरात बिनाथेंबाचा फोटो काढलाय" असंही ऐकतो. तो जरूर आणा. स्पष्ट असेल तर उपयोगाचाच आहे. पण शुगरवाल्यांची बाहुली पुष्कळदा लहान राहते, त्यात मोतीबिंदू असला तर फोटो धुरकट येतो. अशा फोटोवरून "सगळं ठीक" म्हणायला आम्ही तयार नाही.

चष्म्याबद्दलही एक सांगतो. साखर ३०० च्या घरात असताना डोळ्यातल्या भिंगात पाणी धरतं आणि नंबर सरकतो. त्या दिवशी केलेला चष्मा साखर उतरल्यावर जुळत नाही. म्हणून आम्ही काही आठवडे थांबायला सांगतो. आलेलं गिऱ्हाईक परत पाठवायची हौस कोणाला असते?

येताना सोबत माणूस आणा, ऊन असेल तर गॉगल. बाहुली मोठी व्हायला २० ते ३० मिनिटं लागतात, शुगरवाल्यांना कधी जास्त, मग थेंब पुन्हा घालावे लागतात. त्यानंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि उजेड टोचतो. त्या वेळात गाडी चालवू नका. काचबिंदू असेल तर आधी सांगा, थेंबांपूर्वी आम्ही डोळ्याचा दाब बघतोच. जुनी फाइल आणि शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणा.

पडद्याच्या फोटोचे पैसे वेगळे पडतात. तो आम्ही जपून ठेवतो आणि पुढच्या वर्षीच्या फोटोशेजारी लावून बघतो. एखादा नवा फुगा असा चटकन सापडतो.

प्रौढपणी शुगर निघाली असेल तर पहिली तपासणी लगेच करा, कारण ती कळण्याआधी काही वर्षं अंगात असू शकते. नंतर वर्षातून एकदा, दोष सापडला तर आम्ही सांगू तेव्हा. शुगर असलेल्या बाईला दिवस गेले तर पहिल्या तीन महिन्यांतच.

अचानक काळे धागे तरंगू लागले किंवा डोळ्यासमोर पडदा सरकल्यासारखं वाटलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका, त्याच दिवशी या. एरवी थेंबांची तपासणी सकाळीच ठेवली आहे, म्हणजे संध्याकाळपर्यंत नजर पूर्ववत होते.