भिंग-आरशाच्या पेटीसोबतचं पान: ६ सेमी की ३० सेमी?

आमच्या फोंड्याच्या दुकानातून तुम्ही दहावीच्या प्रयोगांची पेटी घेतलीत. तिच्यात १० सेमी नाभीय अंतराचं बहिर्गोल भिंग आणि १५ सेमी नाभीय अंतराचा अंतर्गोल आरसा आहे. शाळेत यांनाच कॉन्व्हेक्स लेन्स आणि कॉन्केव्ह मिरर म्हणतात.

काही मुलं आठवड्याभरात भिंग परत घेऊन येतात. म्हणतात, "मेणबत्ती १५ सेमीवर ठेवली. गणितानं प्रतिमा ६ सेमीवर यायला हवी, पण पडद्यावर काहीच दिसत नाही." भिंग ठीकच असतं. चूक असते चिन्हांची, म्हणून हे पान पेटीत घातलं आहे.

चिन्हं

वस्तू डावीकडे ठेवा, म्हणजे प्रकाश डावीकडून उजवीकडे जाईल. सगळी अंतरं आरशाच्या ध्रुवापासून किंवा भिंगाच्या प्रकाशीय केंद्रापासून मोजा. येणाऱ्या प्रकाशाच्या दिशेनं मोजलेलं अंतर धन, त्याच्या उलट दिशेनं मोजलेलं ऋण. त्यामुळे वस्तूचं अंतर u कायम ऋण येतं. आपल्या भिंगाचं f धन आहे, आरशाचं f ऋण. अक्षाच्या वरची उंची धन, खालची ऋण.

सूत्रं

आरसा: 1/v + 1/u = 1/f, m = -v/u
भिंग: 1/v - 1/u = 1/f, m = v/u

सूत्रातलं अधिक-उणे आहे तसंच ठेवायचं आणि आकडा भरताना त्याचं स्वतःचं चिन्ह कंसात लिहायचं. कंस आळसानं गाळला की घोटाळा होतो.

मेणबत्तीचं गणित

u = -15, f = +10.

1/v - 1/(-15) = 1/10
1/v = 1/10 - 1/15 = 1/30
v = +30, m = 30/(-15) = -2

पडदा भिंगापलीकडे ३० सेमीवर धरा. ज्योत उलटी आणि दुप्पट मोठी दिसेल.

आता ६ कुठून आलं ते पाहा. u चं ऋण चिन्ह विसरलात तर 1/10 + 1/15 म्हणजे 1/6 येतं. चिन्ह लक्षात ठेवलंत, पण भिंगाला आरशाचं सूत्र लावलंत, तरीही 1/6 च. उत्तर चुकलं हे ओळखायला सोपं आहे, कारण बहिर्गोल भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीपेक्षा जवळ कधीच पडत नाही आणि ६ तर १० पेक्षा कमी आहे. दोन्ही चुका एकदम केल्या तर मात्र v बरोबर ३० येतो आणि माणूस फसतो. m = v/u = 30/15 म्हणजे +2 आलं की सावध व्हा, कारण धन m म्हणजे सुलट प्रतिमा आणि समोर पडद्यावर ज्योत उलटी आहे.

तोच ३०, आरशात

मेणबत्ती आरशापुढे १० सेमीवर ठेवा: u = -10, f = -15.

1/v = -1/15 + 1/10 = 1/30
v = +30, m = -30/(-10) = +3

इथेही +३०, पण अर्थ वेगळा. भिंगातून प्रकाश पलीकडे जातो, म्हणून धन बाजूची प्रतिमा वास्तव असते. आरशाच्या मागे प्रकाश पोचतच नाही. ही प्रतिमा आभासी आहे, पडदा कुठेही धरला तरी ती त्यावर येणार नाही. आरशात डोकावलं की तिप्पट मोठी, सुलट ज्योत दिसेल.

किरण काढताना

अक्षाला समांतर आलेला किरण नाभीतून जातो, नाभीतून आलेला समांतर निघतो. तिसरा किरण आरशाच्या वक्रता केंद्रातून आला तर त्याच वाटेनं परततो, भिंगाच्या प्रकाशीय केंद्रातून गेला तर सरळ जातो. दोन किरण पुरतात; तिसरा पडताळ्यासाठी. वरच्या आरशाच्या आकृतीत परतलेले किरण फाकत जातात, म्हणून ते आरशामागे तुटक रेषांनी वाढवा, जिथे मिळतील तिथे प्रतिमा. बाण फक्त खऱ्या किरणांवर काढा.

तीनही किरण एका बिंदूत मिळत नसतील तर बहुधा आरसा फार वाकडा किंवा वस्तू फार उंच काढलेली असते. हे नियम अक्षाजवळच्या किरणांचे आहेत. खऱ्या भिंगाचंही तसंच: कडेनं काळा कागद लावून मधे रुपयाएवढं भोक ठेवलंत तर ज्योत थोडी अंधूक होते, पण जास्त रेखीव दिसते.

खरंच भिंग खराब वाटलं तर

खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावा आणि बाहेरच्या लांबच्या माडाची उलटी प्रतिमा त्यावर स्पष्ट येईपर्यंत भिंग पुढे-मागे करा. सूर्याकडे धरू नका. भिंग आणि कागद यांतलं अंतर हेच नाभीय अंतर. ते १० सेमीपासून अर्ध्या सेमीपेक्षा जास्त चुकलं तर भिंग घेऊन या, लगेच बदलून देऊ.